कळंबोली ते किवळे, कमीत कमी किती वेळात?

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर ॲव्हरेज स्पीडवाले कॅमेरे चालू झाले, २०२४ च्या जुलैपासून, आणि तेव्हापासून आमच्याकडे मुंबईहून कुणीही आलं की चपला काढायच्या आधी विषय निघतो. चलान आलं का, कुठे आलं, कितीचं आलं. त्यात माझा मेहुणा म्हणजे या विषयातला स्वयंघोषित तज्ज्ञ. "दाजी, सोपं आहे हो, पहिल्या कॅमेऱ्यापासून दाबून घ्यायची आणि दुसऱ्याच्या आधी जरा निवांत यायचं, ॲव्हरेज बरोबर बसतं." हे तो इतक्या आत्मविश्वासाने सांगतो की ऐकणाऱ्याला वाटतं याने खरंच काहीतरी कमावलं असणार. काय कमावलं ते कधी कुणी घड्याळ लावून बघितलेलं नाही, म्हणून म्हटलं आपण एकदा नीट बसून हिशोब करूया. प्रश्न साधा आहे: दोन कॅमेऱ्यांमधलं अंतर, लिमिट कुठेही न मोडता, कमीत कमी किती वेळात पार करता येतं?

आधी कॅमेरा नक्की काय करतो ते. रस्त्यावरच्या कमानीवर लावलेला कॅमेरा नंबरप्लेट वाचतो आणि वेळ टाकतो, अमुक वाजून अमुक मिनिटं अमुक सेकंद. पुढच्या कमानीवरचा कॅमेरा तीच प्लेट परत वाचतो, परत वेळ टाकतो. मधलं अंतर आधीच मोजून ठेवलेलं असतं. अंतराला वेळेने भागलं की ॲव्हरेज, ते लिमिटच्या वर असेल तर चलान. मधे तुम्ही काय केलं, कुठे ब्रेक मारला, कुणाला ओव्हरटेक केलं, यातलं त्याला काहीच दिसत नाही. त्याच्याकडे दोन वेळा आहेत आणि एक अंतर, संपलं.

मग बारावीला ते मीन व्हॅल्यू थिअरम असायचं ना, लाग्रांजचं, ते आपण पाच मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो, ते हेच आहे. एखाद्या पट्ट्यात तुमचं ॲव्हरेज १०५ आलं तर त्या पट्ट्यात निदान एका क्षणाला तरी तुमचा काटा बरोब्बर १०५ वर होताच. "मी शंभरच्या वर गेलोच नाही साहेब" हे मग म्हणता येत नाही, गाडी उडून गेली असेल तर गोष्ट वेगळी. पण याचं उलट खरं नाही आणि सगळी गंमत त्या उलट्या बाजूलाच आहे. ॲव्हरेज १०० च्या आत आलं म्हणजे तुम्ही १०० च्या आत होता असं नाही. मेहुण्याची सगळी दुकानदारी या फटीवर चालते.

तर बघूया त्याची दुकानदारी. १० किलोमीटरचा पट्टा धरा, लिमिट १००. सरळ १०० ने गेलं तर ६ मिनिटं, हाच कमीत कमी वेळ, लिमिट पाळून याच्या खाली जाताच येत नाही. आता आमचे साहेब पहिले ५ किलोमीटर १२० ने हाणतात, अडीच मिनिटं लागली. पुढचे ५ किलोमीटर ते ८० ने येतात, कारण डोक्यात हिशोब असा की १२० आणि ८० मिळून २००, भागिले दोन, शंभर. पण ८० ने ५ किलोमीटरला पावणेचार मिनिटं लागतात. एकूण सव्वासहा. म्हणजे ॲव्हरेज ९६ आलं, चलान नाही, आणि जो माणूस गाणी ऐकत सरळ १०० ने आला तो याच्या १५ सेकंद आधी पोचला! पेट्रोल जास्त जाळून, बायकोच्या शिव्या खाऊन, हे उशिरा. यात फसवणूक कुठे होते तर ८० ने जाताना जास्त वेळ जातो, त्यामुळे संथ अर्ध्याचं वजन ॲव्हरेजमधे जास्त पडतं. अर्धा *वेळ* १२० आणि अर्धा *वेळ* ८० असं असतं तर शंभर आलं असतं, पण इथे अर्धं *अंतर* आहे. आणि समजा त्याने हिशोब अगदी काटेकोर केला, दुसरा अर्धा भाग साधारण ८६ ने काढला, तरी काय मिळालं? बरोब्बर ६ मिनिटं. तेवढीच जेवढी शंभरवाल्याला लागली. कॅमेऱ्याला चुकवायचं तर ६ मिनिटांच्या खाली येता येत नाही, आणि ६ मिनिटं तर नियमाने चालणाऱ्यालाही मिळतातच की. मग १२० चा उपद्व्याप नक्की कशासाठी?

हे मी त्याला सांगितलं तर तो म्हणाला, "तसं नाही हो दाजी, ट्रॅफिक लागतं त्याचं काय, तो वेळ भरून काढायला." आता हा मुद्दा मात्र खरा आहे, याच्यावर जरा थांबायला पाहिजे.

तोच १० किलोमीटरचा पट्टा. सुरुवातीलाच कुठेतरी एक ट्रक बंद पडलाय, २ किलोमीटर गाडी २० च्या स्पीडने सरकतेय. त्या २ किलोमीटरला किती वेळ गेला? ६ मिनिटं. म्हणजे अख्ख्या १० किलोमीटरचं जे ६ मिनिटांचं बजेट होतं ते इथेच संपलं, आणि अजून ८ किलोमीटर बाकी आहेत. आता शंभरचं ॲव्हरेज गाठायचं तर ते ८ किलोमीटर शून्य मिनिटात करावे लागतील. विमान आणलं तरी होणार नाही. हे पहिल्यांदा कळलं की माणूस जरा गप्प होतो, कारण आपल्या सगळ्यांच्या मनात कुठेतरी असं असतं की हळू गेलेला वेळ पुढे थोडं दाबून भरून निघतो. नाही निघत. उरलेले ८ किलोमीटर १०० ने केले तर ४ मिनिटं ४८ सेकंद, एकूण १० मिनिटं ४८ सेकंद, हा त्या दिवसाचा कमीत कमी वेळ. जाममधे गेलेली ४ मिनिटं ४८ सेकंद गेली म्हणजे गेली.

इथे मेहुणा म्हणणार की बघा, ॲव्हरेज तर ५५ च आलंय, मग मी १३० ने गेलो तरी कॅमेरा काय करणार आहे? खरंय, त्या जोडीचे कॅमेरे काहीच करणार नाहीत. ८ किलोमीटर १३० ने साधारण ३ मिनिटं ४२ सेकंद, एकूण ॲव्हरेज ६२. सिस्टिम गप्प. म्हणूनच एक्सप्रेसवेवर त्याच कमानींच्या जोडीला जागेवरचा स्पीड पकडणारे कॅमेरेही आहेत, ॲव्हरेजला जे दिसत नाही ते त्यांना दिसतं. आणि एवढं करून मिळालं किती तर ६६ सेकंद. जाममधे जवळपास पाच मिनिटं गेली त्यातलं एक मिनिट परत आणलं, तेही आत्ताच जिथे ट्रक बंद पडला होता त्या रस्त्यावर, १३० ने.

बरं आता खरा रस्ता. एक्सप्रेसवे कळंबोलीपासून किवळ्यापर्यंत साडेचौऱ्याण्णव किलोमीटर. कारला सपाटीवर १००, घाटात ६०. घाट हिशोबासाठी खोपोली एक्झिट ते कुसगाव धरतो, १९ किलोमीटर. (मिसिंग लिंकने हेच अंतर साधारण ६ किलोमीटरने कमी होतं, पण मी जुन्या घाटाचं बोलतोय, दत्तवाडी, अमृतांजन पूल होता ती जागा, तो सगळा प्रकार.) साडेपंच्याहत्तर किलोमीटर १०० ने म्हणजे ४५ मिनिटं १८ सेकंद. १९ किलोमीटर ६० ने म्हणजे सरळ १९ मिनिटं. एकूण ६४ मिनिटं १८ सेकंद. हा झाला कागदावरचा तळ, याच्याखाली जो कुणी आला त्याने कुठेतरी लिमिट मोडलंय, हे कॅमेरा न बघता सांगता येतं. मग ज्यांनी व्हॉट्सॲपवर "५५ मिनिटांत खल्लास" असं टाकलेलं असतं त्यांनी स्वतःच्या हाताने कबुलीजबाब लिहून दिलाय असं समजायचं.

यात एक ठिकाण आहे जिथे बऱ्याच लोकांचा हिशोब गडबडतो, ते म्हणजे लिमिट बदलतं तो पट्टा. समजा एका कॅमेऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत १० किलोमीटर आहेत, त्यातले पहिले ६ सपाटीचे आणि पुढचे ४ घाटातले. आता या पट्ट्याचं लिमिट किती? कुणी म्हणतं १०० आणि ६० चं मधलं, ८०. कुणी जरा हुशार असतो तो अंतराच्या प्रमाणात काढतो, ८४. दोन्ही चूक. वेळ काढा: ६ किलोमीटरला ३ मिनिटं ३६ सेकंद, ४ किलोमीटरला ४ मिनिटं, एकूण ७ मिनिटं ३६ सेकंद, म्हणजे ॲव्हरेज ७९ च्याही किंचित खाली. जो बिचारा "आपण मधला ८० धरला, सेफ" म्हणून अख्खा पट्टा ८० ने आला तो साडेसात मिनिटांत पोचला आणि ६ सेकंदांनी अडकला, वर सपाटीवर सगळ्यांना पुढे जाऊ दे जाऊ दे करत आला. आणि जो ७८ ने आला तो ॲव्हरेजमधून सुटला, पण घाटातले ४ किलोमीटर तोही ६० च्या वरच होता, त्याला जागेवरचा कॅमेरा बघून घेईल. तेव्हा स्पीडची बेरीज-भागाकार करायच्या नादी लागू नये, प्रत्येक तुकड्याचा वेळ काढावा, वेळेची बेरीज करावी, स्पीड सगळ्यात शेवटी.

मग आला ब्रेकचा प्रश्न. कागदावर गाडी १०० वरून ६० वर एका क्षणात येते, खऱ्यात नाही. आणि ६० च्या पाटीला पोचेपर्यंत ६० व्हायलाच पाहिजे, पाटीच्या नंतर नाही, म्हणजे स्पीड कमी करायची जागा सगळी १०० च्या बाजूला. मला आधी वाटायचं की इथे बराच वेळ जात असणार. मांडून बघितलं. नेहमीसारखा ब्रेक, सेकंदाला दीड मीटर प्रतिसेकंद या दराने, लावला तर १०० वरून ६० ला यायला साधारण १६५ मीटर आणि साडेसात सेकंद लागतात. तेच १६५ मीटर १०० ने सहा सेकंदांत गेले असते. नुकसान दीड सेकंद! बरं एकदम आरामात, पाय नुसता उचलून, मागच्या सीटवरच्याला कळणारही नाही अशा पद्धतीने, तिप्पट हळू स्पीड सोडला तर? साडेचार सेकंद. म्हणजे कचकन ब्रेक मारणारा आणि हळूच पाय काढणारा यांच्यात फरक तीन सेकंदांचा. घाट संपल्यावर परत शंभरला जातानाही असंच दोनेक सेकंद. खालापूर आणि तळेगाव टोलला गाडी पार थांबली तर मात्र थांबताना ९ आणि परत स्पीड घेताना ९, असे १८ सेकंद जातात, फास्टॅग वाचायला लागणारा वेळ वेगळा. तरी दोन्ही टोल धरून एकूण तळ ६५ मिनिटांच्या आसपासच राहतो. ज्या गोष्टीत आपण पायाची सगळी करामत दाखवतो, सिग्नलला सुटल्यासारखं टोलवरून सुटतो, तिथे वेळ नसतोच मुळी.

लेन कापण्याचंही तेच. घाटात वळणाच्या आतून गाडी घेतली की अंतर वाचतं हे खरं, पण किती? लेनची रुंदी पावणेचार मीटर धरली आणि रस्ता पूर्ण उलटा वळला, यू सारखा, तर आतल्या लेनला फायदा जेमतेम १२ मीटर. ६० च्या स्पीडला पाऊण सेकंदही नाही. आणि पुढचं वळण उलट्या बाजूचं असतं, तिथे तो द्यावा लागतो. सोडा.

वेळ खरा जातो तो दोन जागी, आणि दोन्ही जागी आपलं लक्ष नसतं. पहिली जागा आपल्या डोळ्यांसमोरच आहे, स्पीडोमीटर. गाड्यांचा काटा मुद्दाम थोडा जास्त दाखवतो. जगात बऱ्याच देशांत जो नियम चालतो, संयुक्त राष्ट्रांचा ३९ नंबरचा, त्यात असं आहे की काट्याने खऱ्या स्पीडपेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, जास्त दाखवलं तर चालेल, तेही खऱ्याच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत. म्हणजे खरा स्पीड १०० असताना काटा ११४ दाखवत असेल तरी गाडी नियमात बसते. इतकं सहसा नसतं, पण काटा १०० वर आणि जीपीएस ९५ वर हे दृश्य कुठल्याही गाडीत फोन लावून बघता येईल, सरळ रस्ता, एकच स्पीड, दहा-पंधरा सेकंद स्थिर ठेवून बघायचं, कारण जीपीएसचा आकडा थोडा मागून येतो. टायर झिजलेले असतील तर फरक अजून वाढतो, चाक लहान झालं की तेवढ्याच अंतराला ते जास्त फिरतं आणि काटा फुगतो. आता काट्यावर १०० आणि ६० पाळणारा माणूस खऱ्यात ९५ आणि ५७ ने चाललाय असं धरा. ४७ मिनिटं ४१ सेकंद अधिक २० मिनिटं, म्हणजे ६७ मिनिटं ४१ सेकंद. जवळजवळ साडेतीन मिनिटं काट्याने खाल्ली. आणि सपाटीवर सगळीकडे ११० ने पळून, चलानाचा धोका घेऊन, किती मिळतात तर चार मिनिटं आणि वर थोडे सेकंद. म्हणजे जे लोक चोरून मिळवतात त्यातलं बहुतेक सगळं हक्काने मिळणारं होतं, नुसतं जीपीएस बघून गाडी चालवली असती तर.

अर्थात काठावर चालवायचं नाही. १०० च्या लिमिटला ९९.९ ने जाणारा माणूस मला तरी शहाणा वाटत नाही, कारण उतार लागला की क्रूझ कंट्रोलही फसतं. पुण्याहून मुंबईला जाताना घाट उतरताना हे अगदी जवळून दिसतं. क्रूझ ६० वर लावलेलं असतं, आपण निवांत, आणि उतारावर कितीतरी गाड्यांचं क्रूझ फक्त पेट्रोल बंद करतं, ब्रेक लावत नाही, गाडी आपल्या वजनाने ६२, ६४, ६६ अशी सरकत जाते आणि आवाज तर काहीच बदलत नाही. इंजिनाचा आवाज उलट कमी होतो. तिथे क्रूझ काढून टाकायचं आणि तिसरा गिअर, मग गाडी कशी पकडून धरल्यासारखी उतरते, काटा हलत नाही, ब्रेकही तापत नाहीत. मी जीपीएसवर सपाटीला ९७ आणि घाटात ५८ धरून चालतो, त्याचा हिशोब होतो ६६ मिनिटं २१ सेकंद. तळापेक्षा दोन मिनिटं जास्त. एवढी दोन मिनिटं मी सरकारला दिली.

दुसरी जागा घाटातली चढण. इथे लिमिटची भानगडच नसते कारण लिमिटपर्यंत पोचायलाच मिळत नाही. डावीकडच्या लेनमधे एक ट्रक २५ ने चाललेला असतो, मधल्या लेनमधे दुसरा ट्रक त्याला ३० ने ओव्हरटेक करतोय, आणि तिसरा, ज्याला या दोघांचा कंटाळा आलेला आहे, तो उजव्या लेनला येऊन ४० ने दोघांना मागे टाकायला निघालाय. तिघांच्या मागे आपण सगळे. असे ५ किलोमीटर ४० ने गेलो तर साडेसात मिनिटं, ६० ने पाच झाली असती, अडीच मिनिटं गेली. आणि संथ रस्त्यावरचा प्रत्येक किलोमीटर जास्त महाग असतो हे इथे जाणवतं: सपाटीला १०० चे ९० झाले तर किलोमीटरमागे ४ सेकंद जातात, घाटात ६० चे ५० झाले तर १२ सेकंद. तेच दहा, पण तिप्पट नुकसान. सपाटीवर लोक एकमेकांना दिवे मारून रस्ता मागतात, तिथे झगडून मिळतात ते सुट्टे पैसे, आणि घाटात सगळे निमूट रांगेत, जिथे नोटा उडून जातायत.

हे सगळं ऐकून मेहुणा म्हणाला, "मग दाजी, तुमच्या हिशोबाने करायचं काय?" म्हटलं रात्री उशिरा किंवा पहाटे अगदी लवकर नको, घाटात ट्रकच ट्रक असतात, आणि शनिवारी सकाळी पुण्याकडे तर निघूच नको, अख्खी मुंबई लोणावळ्याला चाललेली असते. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी, जेवून. तर म्हणे दुपारी झोप येते. मग फूडमॉलला थांब म्हटलं, चहा घे. कॅमेऱ्यांच्या मधे थांबलास तर ॲव्हरेज चाळीसवर येईल तुझं, त्याचं कुणी काही म्हणत नाही. त्यावर त्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला की मग चहाच्या आधी थोडं दाबायला काय हरकत आहे.

त्याच्या बायकोला म्हटलं, येताना गाडी तू चालव.